प्रकाशामुळे वळलं की गुरुत्वाकर्षणामुळे? अनुवर्तनाच्या प्रयोगांसाठी छोटी, अचूक उत्तरं हवीत

प्रयोगवही
शाळेतल्या मुलांकडून अनुवर्तनाचे, म्हणजे प्रकाश किंवा गुरुत्वाकर्षणानुसार रोप वळण्याचे प्रयोग करून घ्यायचे आहेत. उत्तर तीन-चार वाक्यांत लिहिता यावं, पण सोपं करताना ते खोटं होऊ नये. मुख्य अडचण अशी, की रोपाची कुंडी आडवी करून खिडकीपाशी ठेवली की कोंब वर वळतो. एका वहीत त्याला प्रकाशानुवर्तन म्हटलेलं असतं, दुसरीत गुरुत्वानुवर्तन. माझे प्रश्न:

१. दोन्ही परिणाम वेगळे कसे दाखवायचे?
२. रोपाला प्रकाश नेमका कुठे कळतो? हे वर्गात दाखवता येईल का?
३. ऑक्झिन हे वाढीचं एकच संप्रेरक कोंबाला वर आणि मुळाला खाली कसं नेतं?
४. मुळाला गुरुत्वाकर्षण कुठे कळतं?

मूलाग्र
पहिल्याचं उत्तर: खिडकीपाशी आडव्या ठेवलेल्या कुंडीवरून काहीच ठरत नाही, कारण प्रकाश वरून किंवा बाजूने येतोच आहे आणि गुरुत्वाकर्षणही चालू आहे. गुरुत्वानुवर्तन दाखवायचं तर पूर्ण अंधार हवा. प्रकाशानुवर्तन दाखवायचं तर रोप उभं हवं आणि प्रकाश एकाच बाजूने हवा. उभ्या रोपाला गुरुत्वाकर्षण वळायला लावत नाही, उलट वळलेल्याला सरळ करू पाहतं. म्हणून तिथे दिसणारं वळण प्रकाशाचंच असतं.

मांडणी: मोहरीचं बी ओल्या कापसावर पेरून तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवा. साधारण २५ अंश सेल्सिअसला रोपं तीन सेंटीमीटरच्या आसपास होतात. मग तीन गट करा. पहिला उभा, अंधारात. दुसरा आडवा, अंधारात. तिसरा उभा, एका बाजूला फट असलेल्या खोक्यात. पहिला गट मुलं नेहमी गाळतात, आणि त्याच्याशिवाय बाकी दोन्ही गटांना अर्थ नाही. अंधारातली मोहरीची रोपं तशीही थोडी इकडेतिकडे झुकतात. ते झुकणं किती, हे पहिल्या गटाकडे पाहिल्यावरच कळतं.

खोक्याला आतून काळा कागद चिकटवा. आतून पांढरं खोकं घेतलं तर फटीतून आलेला उजेड समोरच्या भिंतीवरून परत फिरतो, रोपाला दोन्ही बाजूंनी प्रकाश मिळतो आणि वळण अर्धवट राहतं. फट रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर, एक-दोन सेंटीमीटर रुंद. चार तासांनी पाहा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

सरळरेषा
इतकं लांबवायची गरज नाही. परीक्षेतलं उत्तर सोपं आहे. प्रकाश पडतो त्या बाजूचं ऑक्झिन प्रकाशाने नष्ट होतं, सावलीच्या बाजूला ते शिल्लक राहतं, ती बाजू जास्त वाढते आणि कोंब प्रकाशाकडे झुकतो. संपलं.

मूलाग्र
शेवटचे दोन भाग बरोबर आहेत, पहिला नाही. ऑक्झिन नष्ट होत असेल तर प्रकाशातल्या शेंड्यातून एकूण ऑक्झिन कमी निघायला हवं. विन्स्लो ब्रिग्ज यांनी १९५७ मध्ये मक्याच्या कोंबांच्या शेंड्यांवर हेच तपासलं. अंधारातल्या आणि एका बाजूने प्रकाश दिलेल्या शेंड्यांतून आगरच्या जेलीसारख्या ठोकळ्यात उतरलेलं एकूण ऑक्झिन जवळपास सारखंच भरलं, फक्त वाटणी बदलली. शेंडा मधोमध काचेच्या पातळ पट्टीने पूर्ण दुभागला तर दोन्ही बाजूंना सारखंच मिळालं. म्हणजे ऑक्झिन प्रकाशाच्या बाजूकडून सावलीच्या बाजूकडे सरकतं. वहीत "नष्ट होतं" ऐवजी "सावलीच्या बाजूला सरकतं" एवढा बदल केला तरी उत्तराची लांबी तीच राहते.

सरळरेषा
पण बाटलीतलं ऑक्झिनचं द्रावण उजेडात खराब होतं, म्हणून ते गडद रंगाच्या बाटलीत ठेवतात. मग रोपात का नाही होणार?

मूलाग्र
बाटलीतलं खराब होतं हे खरं. पण तिथे तास-दिवस प्रखर उजेड असतो. कोंब वळायला अगदी मंद निळा प्रकाशही पुरतो, आणि तेवढ्याने ऑक्झिनचं विघटन झाल्याचं ब्रिग्ज यांच्या मोजणीत दिसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याला लागूनच आहे. निळा प्रकाश फोटोट्रोपिन नावाची प्रथिनं टिपतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये गवतवर्गीय रोपांवर दाखवलं, की शेंडा झाकला तर कोंब वळत नाही, आणि शेंडा उघडा ठेवून खालचा भाग झाकला तर वळतो. प्रकाश वर कळतो, वळण खाली येतं, म्हणजे मधून काहीतरी निरोप जातो. तो निरोप म्हणजे रसायन आहे हे फ्रिट्स वेंट यांनी १९२६ ते १९२८ च्या दरम्यान ओटच्या रोपांवर पक्कं केलं. कापलेले शेंडे आगरच्या ठोकळ्यावर ठेवायचे, मग नुसता ठोकळा शेंडा नसलेल्या कोंबाच्या एका कडेला ठेवायचा. अंधारातही कोंब दुसऱ्या बाजूला वळतो.

वर्गात डार्विनचा प्रयोग करता येतो, पण रोप गव्हाचं किंवा मक्याचं घ्या. मूग-मोहरी नको.

प्रयोगवही
मूग का नको? मुगावर ॲल्युमिनियमच्या टोप्या घालूनच प्रयोग केला होता. काही रोपं टोपी असतानाही वळली, म्हणून विचारतेय.

मूलाग्र
त्याचंच कारण. गहू, मका, ओट यांचा पहिला कोंब नळीसारख्या आवरणात असतो, त्याला कोलिऑप्टाइल म्हणतात, आणि त्याचा टोकाचा काही मिलीमीटरचा भाग प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. मूग, मोहरी, सूर्यफूल यांच्या खोडात तसं एकच टोक नाही. बीजपत्रांखालच्या खोडाच्या वरच्या भागालाही प्रकाश थेट कळतो. टोपीने बीजपत्रं झाकली तरी खोड उघडंच राहतं, आणि रोप वळतं. प्रयोग फसलेला नाही, रोपाने योग्य तेच केलं.

गव्हाच्या टोपीची कृती: दोन मिलीमीटर जाडीच्या सुईभोवती पातळ फॉइल गुंडाळा, एक टोक दुमडून बंद करा, लांबी पाच-सहा मिलीमीटर ठेवा. अंधारात वाढवलेला, दोन-तीन सेंटीमीटर उंचीचा, अजून पान बाहेर न आलेला कोंब घ्या. पानाने आवरण फोडलं की तो कोंब बाद. इथे चार गट करा. पहिला उघडा ठेवा, दुसऱ्याला फॉइलची टोपी घाला. तिसऱ्या गटाला पारदर्शक प्लास्टिकची तेवढीच टोपी घाला. "टोपीच्या वजनाने किंवा घासण्याने वळला नाही" ही शंका त्यानेच मिटते. चौथ्या गटाला शेंडा उघडा ठेवून खाली फॉइलचं कडं. पारदर्शक टोपीचे आणि कड्याचे कोंब वळले, फॉइलच्या टोपीचे सरळ राहिले, तरच निष्कर्ष काढा. टोप्या घालताना मंद हिरवा दिवा वापरा, तोही दोन-चार मिनिटंच.

बाल्कनी
माझी टोमॅटोची रोपं खिडकीकडे वळण्याऐवजी पिवळी, लांबच लांब होऊन आडवी पडली आहेत. यात ऑक्झिन कमी पडलं असं समजायचं का? संप्रेरकाची पावडर घातली तर सरळ होतील?

कोनमापक
हे अनुवर्तन नाही. उजेड फार कमी पडल्यावर खोड लांबतं, पानं लहान आणि फिकट राहतात, खोडाला स्वतःचं वजन पेलत नाही. वळलेलं रोप आणि पडलेलं रोप ओळखायची खूण: वळलेल्या रोपात वाक गोलाकार असतो, वाढत्या भागातच असतो आणि रोप हलवलं तरी तसाच राहतो. पडलेल्या रोपात वाक बुडाशी असतो आणि हाताने उभं केलं की जातो. पावडर मुळं फुटण्यासाठी असते, ती घालू नका. उजेड वाढवा. पडलेल्या टोमॅटोच्या खोडाला मातीत पुरलं तर तिथून मुळं फुटतात, तोही उपाय आहे.

बाल्कनी
पण दोन दिवसांनी त्या आडव्या पडलेल्या रोपांचे शेंडे वर उचलले गेलेत.

कोनमापक
तुमच्याकडे आता धाग्याचा मूळ प्रश्नच तयार झालाय. खोलीत उजेड आहे, त्यामुळे शेंडा कशाने उचलला हे सांगता येणार नाही. एक रोप आडवं ठेवून रात्रभर कपाटात बंद करा. तरीही उचलला तर गुरुत्वाकर्षणाने.

प्रयोगवही
तिसरा आणि चौथा प्रश्न राहिलेत. मुलांना सर्वांत अवघड तिसरा जातो. "खालच्या बाजूला ऑक्झिन साठतं" हे दोन्हींकडे सारखंच, मग एक वर आणि एक खाली कसं?

सरळरेषा
मूळ जड असतं म्हणून खाली जातं, हे तरी मान्य आहे ना? कोंबासाठी ऑक्झिन, मुळासाठी वजन.

मूलाग्र
नाही. थॉमस नाइट यांनी १८०६ मध्ये फिरत्या चाकाच्या कडेला बिया बांधल्या. चाक उभं फिरत होतं, त्यामुळे बियांच्या दृष्टीने "खाली" ही दिशा सतत बदलत होती. मुळं बाहेरच्या दिशेने वाढली आणि कोंब चाकाच्या मध्याकडे. म्हणजे मूळ ओढीच्या दिशेने वाढतं. नुसत्या वजनाने लोंबायचं असतं तर कोंबही लोंबला असता.

तिसऱ्याचं उत्तर: मूळ आणि कोंब यांची ऑक्झिनबद्दलची संवेदनशीलता वेगळी आहे. ज्या प्रमाणात कोंबाची वाढ जोर धरते, त्या प्रमाणात मुळाची वाढ रोखली जाते. मुळाला चालणारं प्रमाण कोंबापेक्षा शेकडो-हजारो पटींनी कमी असतं. आडव्या कोंबात खालची बाजू जास्त वाढते, म्हणून तो वर जातो. आडव्या मुळात खालची बाजू मंदावते, वरची वाढत राहते, म्हणून ते खाली जातं. ऑक्झिन दोन्हीकडे खालीच साठतं, फक्त पेशींचं उत्तर उलट असतं.

कोनमापक
हे वाक्य मुलं पाठ करतात, पण दिसत नाही म्हणून पटत नाही. मोजून दाखवता येतं, आणि हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत चांगला प्रयोग आहे.

मूग आठ तास भिजवा, मग ओल्या कापडात एक दिवस अंधारात ठेवा. मूळ सरळ आणि एक ते दीड सेंटीमीटर लांब असलेलेच घ्या. सीडीची पारदर्शक डबी घ्या, आतली प्लास्टिकची चकती काढा, मापाचा टिपकागद भिजवून बसवा आणि त्यावर मूग मुळं खाली करून ओळीने ठेवा. झाकण लावल्यावर बिया जागच्या हलत नाहीत. डबी नसेल तर पेट्री डिश.

मुळावर टोकापासून दर एक मिलीमीटरला काळ्या ड्रॉइंग शाईच्या बारीक रेघा काढा, दहा मिलीमीटरपर्यंत. शाईत बुडवलेला बारीक दोरा मुळावर टेकवला की पातळ रेघ उमटते. बॉलपेन चालत नाही, टोकाने मूळ खरचटतं आणि खरचटलेलं मूळ भलतीकडे वळतं. डबी ९० अंश फिरवून मुळं आडवी करा, काळ्या कागदात गुंडाळा, चार तासांनी उघडा.

टोकापासून पहिल्या काही मिलीमीटरांतल्या रेघा एकमेकींपासून दूर गेलेल्या दिसतील, मागच्या रेघा जागच्या जागी असतील. वाक त्या दूर गेलेल्या रेघांमध्येच असतो. म्हणजे मूळ तिथे वाकवलं गेलं नाही, तिथे दोन बाजू कमीजास्त वाढल्या.

आता हिशोब. मुळाची जाडी एक मिलीमीटर आणि वळण ६० अंश धरा. वरच्या आणि खालच्या कडेच्या वाढीतला फरक म्हणजे जाडी गुणिले कोन, कोन रेडियनमध्ये. ६० अंश म्हणजे १.०५ रेडियन, म्हणून फरक साधारण एक मिलीमीटर. चार तासांत मुळाची मधली रेषा चार मिलीमीटर वाढली असेल तर वरची बाजू साडेचार वाढली आणि खालची साडेतीन. एवढ्या फरकावर मूळ ६० अंश वळतं. खालची बाजू थांबत नाही, फक्त मागे पडते, हे इथे मुलांना आकड्यांत दिसतं. वळणाचा कोन तेवढाच ठेवून जाडी दुप्पट केली तर फरकही दुप्पट लागतो, म्हणून जाड मुळं हळू वळतात की नाही हे तपासण्यासारखं आहे.

प्रयोगवही
माझ्याकडे काही मुळं खाली न जाता टिपकागदात घुसली होती. ते काय?

कोनमापक
झाकणाच्या बाजूला हवा कोरडी आणि कागद ओला असेल तर मूळ ओलाव्याकडे वळतं. डबीच्या तळाशी थोडं पाणी ठेवा आणि डबी तास-दोन तास आधीच बंद करून ठेवा, म्हणजे आतली हवा ओलसर होते. मूळ कागदाकडे वळलं असेल तर कोन मोजायला घेऊ नका, ते दुसऱ्याच कारणाने वळलंय.

मूलाग्र
चौथ्याचं उत्तर: मुळाच्या टोकावर मूलटोपी असते. तिच्या मधल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात, मूळ आडवं केलं की काही मिनिटांत ते पेशीच्या नव्या तळाशी उतरतात. कण उतरले की ऑक्झिन बाहेर सोडणारी प्रथिनं पेशीच्या खालच्या बाजूला जास्त जमतात आणि ऑक्झिन खालच्या कडेने मागे, वाढीच्या भागाकडे जातं. इथेही कळतं एकीकडे, वळतं दुसरीकडे.

दाखवायचं तर मका घ्या, कारण मक्याची मूलटोपी मुळापासून बऱ्यापैकी स्वच्छ सुटते. ओल्या मुळाच्या टोकाला बारीक चिमट्याने हलके धरून टोपी सोडवता येते. टोपी नसलेलं मूळ आडवं ठेवलं तर ते लांबत राहतं पण वळत नाही. साधारण दीड दिवसात नवी टोपी तयार होते आणि वळणं परत येतं. म्हणून पाहणी पहिल्या आठ-दहा तासांतच करा. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर "टोपी नसतानाही वळलं" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

निरीक्षक
मुगाचं टोक ब्लेडने कापून हाच प्रयोग करतात, तो चालतो का?

मूलाग्र
अर्धा मिलीमीटर कापलं तर चालतो, पण मुगाच्या मुळावर त्याहून जास्त सहज जातं. मग वाढणारा भागच जातो आणि मूळ लांबायचं थांबतं. न वळणारं मूळ आणि न वाढणारं मूळ सारखंच दिसतं. म्हणून रेघा काढलेल्या मुळावरच कापा. रेघा दूर गेल्या आणि तरी मूळ सरळ राहिलं, तरच ते उत्तर धरा.

जमलं तर मूलटोपीचा फक्त अर्धा भाग काढून मूळ उभं ठेवा. मूळ टोपी शिल्लक असलेल्या बाजूकडे वळतं. टोपीतून वाढ रोखणारा निरोप येतो, हे याहून स्वच्छ कुठेच दिसत नाही. हात मात्र स्थिर हवा.

निरीक्षक
रोपाला सावकाश फिरवत ठेवणाऱ्या क्लिनोस्टॅटचं कोणी बोललं नाही. भिंतीवरच्या घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या दांड्यावर हलकी पेट्री डिश चिकटवून फिरवली तर मुळं वळत नाहीत.

कोनमापक
दांडा आडवा असेल आणि डिश मध्यावर तोललेली असेल तर. तोल गेला तर घड्याळ वर चढताना अडतं आणि डिश थांबून राहते. डिशवर खूण करून सुरुवातीची वेळ लिहून ठेवा, तासाने खूण पहिल्या जागी आली का पाहा. आणि मुलांना "गुरुत्वाकर्षण नाहीसं झालं" असं लिहू देऊ नका. ते सगळ्या बाजूंनी सारखं वाटलं जातं, इतकंच.

निरीक्षक
अजून एक. लाल प्रकाशात कोंब वळत नाही असं लिहिलेलं असतं. लाल जिलेटिन कागद फटीवर लावला तरी थोडा वळला.

मूलाग्र
बहुतेक वेळा कागदातून निळा प्रकाश निसटतो. कागदातून आलेला उजेड सीडीच्या मागच्या बाजूवर तिरका पाडा. लाल पट्ट्याच्या पलीकडे निळा-जांभळा पट्टा दिसला तर कागद गळका आहे. लाल एलईडी वापरून पाहा, तिथेही वळला तर खोक्याला दुसरीकडे भेग आहे का तपासा.

सरळरेषा
म्हणजे प्रकाशानुवर्तनाचं स्पष्टीकरण पूर्ण झालं समजायचं? ऑक्झिन सरकतं, बस्स?

मूलाग्र
मक्या-ओटच्या कोलिऑप्टाइलसाठी भक्कम आहे. हिरव्या रोपांच्या खोडाबद्दल वाद झालेला आहे. मुळा या भाजीच्या रोपांवर काम करणाऱ्या काही संशोधकांचं म्हणणं असं, की ऑक्झिनची वाटणी फारशी बदलत नाही, प्रकाशाच्या बाजूला वाढ रोखणारी द्रव्यं वाढतात आणि तीच बाजू मंदावते. त्यामुळे सर्व वनस्पतींसाठी एकच वाक्य लिहायला मी कचरतो. गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत स्टार्चचा कण उतरला हे पेशीला कळतं कसं, हाही बराच काळ न सुटलेला भाग होता. २०२३ मध्ये लेझी नावाची प्रथिनं कणांवरून पेशीच्या खालच्या पडद्यावर जातात असं दाखवलं गेलं. त्या पुढच्या पायऱ्यांवर अजून काम चालू आहे.

प्रयोगवही
मग दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात "गवतवर्गीय कोंबात" हे शब्द घालते आणि मुगाच्या टोप्या काढून गहू पेरते. कोन चार तासांनी मोजायचा आणि चोवीस तासांनी नाही, याचं कारण मात्र अजून कळलं नाही.

कोनमापक
चार तासांत वळण मुख्यतः प्रकाशाचं असतं. त्यानंतर वळलेला कोंब तिरका झाल्यामुळे गुरुत्वाकर्षण त्याला परत उभं करू लागतं, आणि चोवीस तासांनी मोजलेला कोन दोघांच्या ओढाताणीचा असतो. तो कोनही खरा आहे, फक्त तो तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. मोहरीत आणखी एक फसवणूक आहे. अंधारातल्या रोपाचा शेंडा आधीपासूनच आकड्यासारखा वाकलेला असतो आणि उजेडात तो उघडतो. कोन मोजताना आकडा सोडून त्याच्या खालच्या खोडाचा मोजा.